आमची वाटचाल: कापायचं नाही, झाकायचं

फोंड्यातल्या आमच्या छोट्या व्हिडिओ युनिटचं निम्मं काम पहिल्यापासून देवळांतलं आणि घरगुती उत्सवांचं. भजन, कीर्तन, चवथीच्या दिवसांत घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने होणाऱ्या घुमट आरत्या. या कामात एक अडचण कायमची आहे. भाषणात किंवा मुलाखतीत मधलं वाक्य काढलं तर काम भागतं, पण आरतीच्या मधला एक सेकंद काढला की ताल मोडतो. ऐकणाऱ्याला संगीतातलं काही कळत नसलं तरी त्याची टाळी चुकते आणि काहीतरी गेलं हे त्याला समजतं. म्हणून शॉटच्या मधोमध बिघाड आला, कुणी समोरून गेलं, ट्रायपॉडला पाय लागला, फोकस हरवला, तर आम्ही तो तुकडा कापत नाही. आवाज जसाच्या तसा चालू ठेवतो आणि बिघाडाच्या वेळेपुरतं वरून दुसरं चित्र किंवा अक्षरांची पट्टी ठेवतो.

एस-व्हीएचएसच्या काळात हे करायला डेकवर फक्त चित्राचा ‘इन्सर्ट एडिट’ करावा लागे. त्यात एक फसगत ठरलेली होती. त्या टेपवर आवाज दोन जागी असे. एक टेपच्या कडेच्या पट्ट्यावर, दुसरा हायफाय, जो फिरत्या हेडने चित्राच्याच पट्ट्यांत भरला जाई. चित्र बदललं की तेवढ्या भागातला हायफाय आवाज पुसला जायचा. त्यामुळे ज्या टेपमध्ये चित्र झाकायचं आहे तिचा कामाचा आवाज कडेच्या पट्ट्यावरच ठेवावा लागे, थोडी खरखर सोसून. शिवाय टेपवर कंट्रोल ट्रॅक आधीपासून सलग भरलेला नसेल तर इन्सर्ट करताच येत नसे. ‘असेंबल’ केला तर तो ट्रॅक नव्याने लिहिला जाई आणि तुकड्याच्या शेवटी चित्र फाटे.

आता टाइमलाइनवर हे दोन मिनिटांचं काम आहे. पण चुका होतात, आणि त्या कुठे होतात हे एका आरतीवरून नीट दिसतं.

घरातली घुमट आरती आहे. मुख्य कॅमेरा ट्रायपॉडवर, संपूर्ण मंडळी आणि मखर दिसेल असा रुंद शॉट, सेकंदाला 25 फ्रेमचा. पुढच्या वेळांत शेवटचा आकडा फ्रेमचा आहे. 00:03:12:08 ला कुणाचा तरी पाय ट्रायपॉडला लागतो. चित्र खाली झुकतं, वर येतं आणि 00:03:13:05 ला स्थिरावतं. बिघाड 22 फ्रेमचा, सेकंदाहूनही कमी. पहिली इच्छा अशी होते की तेवढ्या 22 फ्रेमवरच काहीतरी टाकावं. पण सेकंदभरासाठी दुसरं चित्र आलं तर डोळा ते पाहत नाही, फक्त दचकतो. झाकण बिघाडापेक्षा बरंच मोठं लागतं आणि त्याला स्वतःचं कारण लागतं.

इथे तालाचा आधार घ्यावा. या आरतीची लय मिनिटाला 100 मात्रा आहे, म्हणजे एक मात्रा 15 फ्रेमची. आठ मात्रांचं आवर्तन 120 फ्रेम, म्हणजे 4 सेकंद 20 फ्रेम. आवाजाच्या आलेखात समेचा ठोका उंच दिसतो. धक्क्याआधीची सम 00:03:11:10 ला आहे आणि पुढची 00:03:16:05 ला. दुसरं चित्र पहिल्या समेवर आणलं आणि पुढच्या समेवर काढलं की बदल गाण्यातूनच आल्यासारखा वाटतो. धक्का लागण्याच्या 23 फ्रेम आधीच आपण दुसरीकडे पाहत असतो. अर्ध्या आवर्तनावर, 00:03:13:20 ला, परत येता आलं असतं. पण चित्रात पाहण्यासारखं बरंच असेल तर सव्वादोन-अडीच सेकंद अपुरे पडतात. आरती पुढे चढत जाते, त्यामुळे हा हिशेब त्या जागेपुरताच धरायचा. पुढच्या कडव्यात मात्रा 13 फ्रेमची झालेली असू शकते.

कोणतं चित्र टाकायचं, यात खरी कसोटी असते. हाताशी बहुधा शामेळ वाजवणाऱ्याचा जवळून घेतलेला शॉट असतो आणि तोच सर्वांत धोक्याचा. शामेळावर दोन काठ्या पडताना स्पष्ट दिसतात. काठी खाली आली आणि ठोका दोन फ्रेम पुढेमागे ऐकू आला, तरी चित्र खोटं वाटतं. तो वापरायचाच तर त्याच आरतीतला आणि त्याच लयीतला हवा, आणि काठीचा समेवरचा ठोका आवाजातल्या ठोक्यावर बसेपर्यंत शॉट आतल्या आत सरकवावा लागतो. घुमटावरचा हात थोडं माफ करतो, कारण तळहाताचा आघात काठीइतका टोकदार दिसत नाही. गाणाऱ्याचं तोंड दिसणारा दुसऱ्या वेळचा शॉट मात्र कधीच नको.

आमच्या अनुभवात चवथीच्या आरतीला माटोळीसारखं झाकण दुसरं नाही. गणपतीवर टांगलेल्या रानफळांना, सुपारीच्या घडांना ना ओठ ना ठोका, आणि ती त्या प्रसंगाचाच भाग असते, म्हणून कुणी विचारत नाही की आता हे का दाखवलं. पण ती त्याच घरातली हवी. प्रत्येक घरची माटोळी वेगळी बांधलेली असते आणि ज्यांनी रानात फिरून फळं आणली ते आपली माटोळी लगेच ओळखतात. दुसऱ्या घरची माटोळी घातली तर ती एडिटिंगची युक्ती राहत नाही, ती चूक आहे.

म्हणून हे शॉट आरती सुरू व्हायच्या थोडं आधी, तेच दिवे लागलेले असताना घ्यायचे. सकाळच्या खिडकीच्या उजेडातली माटोळी निळसर येते. रात्रीच्या आरतीत समई आणि बल्बचा पिवळा रंग असतो आणि मध्येच निळं चित्र आलं तर डोळ्यात खुपतं. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता मुख्य कॅमेऱ्याच्याच आकड्यावर ठेवायचा, शटर 1/50. प्रत्येक शॉट किमान 10 सेकंद, हात न हलवता. वापरायचे पाच सेकंद असले तरी सुरुवातीचे आणि शेवटचे दोन-तीन सेकंद हाताच्या हालचालीत जातात.

फोनने घेतलेला शॉट असेल तर त्याच्या फ्रेम सारख्या अंतराने नसतात आणि बहुतेक फोन 30 वर असतो. तसाच टाइमलाइनवर टाकला तर पॅन गचके खातं. आधी 25 ला बांधून घ्यायचा आणि त्याचा आवाजही काढून टाकायचा:

```
ffmpeg -i matoli.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 16 -an matoli_25.mp4
```

गचके यानेही पुरते जात नाहीत, म्हणून फोनचा स्थिर शॉटच निवडावा.

आता टाइमलाइनवर. मुख्य शॉट V1 वर, आवाज A1 वर, आणि A1 ला कुलूप. माटोळी V2 वर. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी F12 आहे, जो वरच्या ट्रॅकवर ठेवतो. F9 दाबला गेला तर ‘इन्सर्ट’ होतो, मुख्य शॉट दुभंगतो आणि पुढचं सगळं चित्र पाच सेकंद उशिरा येतं. नेमकं जे टाळायचं होतं तेच घडतं. झाकण ठेवल्यावर दोन्ही टोकं एकेक फ्रेमने पाहायची. झाकण बिघाडाला लागूनच संपत असेल आणि शेवट एक फ्रेम आधी आला तर हलत्या चित्राची ती एकच फ्रेम चमकून जाते, आणि चालू व्हिडिओत ती काय होती हे सांगता येत नाही, फक्त खटकते.

धक्क्यानंतर ट्रायपॉड बहुधा अगदी पूर्वीच्या जागी बसत नाही. मखर थोडं डावीकडे गेलेलं असतं. हा फरक स्टॅबिलायझरने किंवा कापून लपत नाही, उलट उघडा पडतो. मध्ये पाच सेकंद माटोळी पाहिली की कुणी दोन्ही चौकटी ताडून पाहत नाही. कापण्यापेक्षा झाकण्याचा हा मोठाच फायदा आहे.

चित्र झाकलं तरी आवाजातला धक्का तसाच राहतो. वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज असेल तर प्रश्न नाही. कॅमेऱ्याच्याच माइकचा आवाज असेल तर ट्रायपॉडचा ‘धप्प’ त्यात येतो. तो खालच्या पट्टीचा असतो, म्हणून अख्ख्या ट्रॅकवर लो कट लावण्याचा मोह होतो. तसं केलं तर घुमटाचा घुमारच जातो, कारण तोही तिथेच असतो. लो कट फक्त त्या तुकड्यावर लावायचा, दोन्ही टोकांना दोन-दोन फ्रेमचा क्रॉसफेड देऊन. धप्प घुमटाच्या ठोक्याखाली दडला असेल तर हात न लावलेलाच बरा.

अक्षरांची पट्टी कधी वापरायची? बिघाड चौकटीच्या खालच्या भागातच असेल तेव्हा. पुढे बसलेल्याचं डोकं वर आलं, कुणाचा हात दिसला, वायर ओढली गेली. हललेलं चित्र पट्टीने झाकत नाही, कारण वरचे दोन तृतीयांश हलताना दिसतातच. पट्टी अपारदर्शक हवी आणि ती 10 फ्रेममध्ये उमटत असेल तर पूर्ण उमटल्यानंतर बिघाड सुरू झाला पाहिजे. अर्धवट पट्टीतून डोकं दिसलं की लपवणं जास्तच कळतं. मजकूर मोठ्याने सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ ती ठेवायची, साधारण चार-पाच सेकंद. अख्ख्या आरतीत एकच पट्टी, तीही तिसऱ्या मिनिटाला, असं विचित्र दिसतं. म्हणून प्रत्येक आरतीच्या सुरुवातीला तिचं नाव आणि म्हणणाऱ्यांची नावं द्यायची सवय ठेवली आहे. मग कडव्याच्या सुरुवातीला आलेली आणखी एक पट्टी त्याच रांगेतली वाटते.

देवनागरीची इथे स्वतःची अट आहे. शिरोरेषा ही आडवी बारीक रेघ. केबलवर 50i मध्ये, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये जाणाऱ्या चित्रात एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ एकाच फील्डमध्ये येते आणि लुकलुकते. जाड वळणाचा फॉण्ट घ्यायचा. आणि पट्टीची उंची वेलांटी, रफार आणि खालचे उकार धरून मोजायची, नाहीतर ‘पूजा’तला ऊकार पट्टीबाहेर लटकतो.

शेवटी दोनदा तपासतो. एकदा आवाज बंद करून, चित्र कुठे खटकतं ते पाहायला, आणि एकदा डोळे मिटून, ताल कुठे सुटतो का ते ऐकायला. नंतर आधीच्या भागात काही कमीजास्त केलं तर V1 सरकतो आणि V2 वरचं झाकण जागीच राहू शकतं, मग धक्का उघडा पडतो. म्हणून झाकण बसल्याबरोबर ते मुख्य शॉटशी लिंक करतो आणि टाइमलाइनवर तिथे लाल मार्कर ठेवतो, फाइल देण्याआधी सगळे लाल मार्कर पुन्हा पाहायला.