बुद्धिबळातून शोगीकडे: ड्रॉप आणि प्रमोशन डोक्यात बसेपर्यंत

बुद्धिबळ बरीच वर्षं खेळतोय, त्यामुळे शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ, नऊ बाय नऊचा पट, चाली पाठ केल्या की झालं असं वाटलं होतं. चाली खरंच पटकन बसतात. अडतं ते ड्रॉप आणि प्रमोशनपाशी, कारण तिथे बुद्धिबळाच्या सवयी आडव्या येतात.

ड्रॉपचा नियम तसा साधा आहे. समोरच्याची जी सोंगटी मारली ती तुमची, बाजूला ठेवायची आणि पुढे कधीही चाल करण्याऐवजी पटावरच्या कुठल्याही रिकाम्या घरात ठेवायची. सगळ्या सोंगट्या एकाच रंगाच्या असतात, टोक कुणाकडे आहे त्यावरून ती कुणाची ते कळतं.

हे मला खरं कळलं ते उंटांच्या अदलाबदलीत. दोघांचे उंट सुरुवातीलाच एका तिरक्या रेषेत समोरासमोर असतात, मधली दोन प्यादी एकेक घर पुढे टाकली की रेषा मोकळी. मी उंटाने उंट मारला, त्याने सिल्व्हरने, म्हणजे एक घर सरळ पुढे किंवा चारही तिरक्या दिशांना जाणाऱ्या सोंगटीने, माझा मारला. बुद्धिबळात इथे आपण म्हणतो चला, पट थोडा मोकळा झाला. इथे उलट, आता दोघांच्या हातात एकेक उंट आणि तो कुठेही टपकू शकतो! मग मी तो मधल्या रांगेत, चौथ्या उभ्या ओळीत ठेवला (ओळी उजवीकडून मोजतात). तिथून एका बाजूला त्याने नुकतंच पुढे केलेलं प्यादं आणि दुसऱ्या बाजूला सहाव्या ओळीतलं प्यादं, दोन्ही बिनसंरक्षणाची, दोन्हीवर एकदम हल्ला. त्याने सिल्व्हर वर घेऊन सहाव्या ओळीतलं वाचवलं कारण तिथे घुसलो असतो तर उंट प्रमोट झाला असता, मी दुसरं खाल्लं. प्यादं मिळालं खरं, पण माझा उंट पटावर अडकला आणि त्याचा अजून हातातच, म्हणजे आता प्रत्येक चालीला मलाच माझ्या बाजूची भोकं तपासत बसायचं. हातातली सोंगटी पटावरच्या सोंगटीपेक्षा जास्त छळते ती अशी.

बंधनं आहेत, पण मोजकीच. जिथून पुढे चालच उरत नाही तिथे सोंगटी ठेवता येत नाही, म्हणजे प्यादं किंवा फक्त सरळ पुढे जाणारा लान्स शेवटच्या रांगेत नाही, घोडा शेवटच्या दोन रांगांत नाही (शोगीचा घोडा फक्त पुढेच उडतो). ज्या उभ्या ओळीत आपलं साधं प्यादं आहे तिथे दुसरं ठेवायचं नाही, याला निफू म्हणतात, आणि स्पर्धेत हे केलं तर डाव तिथेच हरलात. आणि प्यादं ठेवून थेट मात द्यायची नाही. पटावरचं प्यादं सरकवून मात दिली तर चालते. बाकी काहीही ठेवून मात द्या.

आता प्रमोशन. शेवटच्या तीन रांगा म्हणजे समोरच्याचा मुलूख. तिथे शिरताना, आत हलताना किंवा बाहेर येताना सोंगटी उलटवता येते. ड्रॉप मात्र नेहमी साध्या बाजूनेच, मुलखात ठेवली तरी, उलटवायची ती पुढच्या चालीला. हत्तीला तिरकं एक घर जास्तीचं मिळतं, उंटाला सरळ एक घर, आणि प्यादं, लान्स, घोडा, सिल्व्हर हे सगळे गोल्डसारखे चालायला लागतात. वजीर वगैरे कोणी होत नाही. राजा आणि गोल्डला प्रमोशनच नाही.

मग गोल्डसारखं होण्यात एवढं काय, असं मलाही वाटायचं. समजा समोरचा राजा त्याच्या मागच्या रांगेत एकटा, आणि माझं प्यादं त्याच ओळीत त्याच्यापासून दोन घरं अलीकडे. मधल्या घरात गोल्ड ठेवला की मात, कारण गोल्ड पुढे, पुढच्या दोन्ही तिरक्या घरांत आणि दोन्ही बाजूंना मारतो, आणि मागून सरळ पुढेच मारणारं प्यादं त्याला धरून आहे. तिथेच सिल्व्हर ठेवा, राजा आरामात सिल्व्हरच्या बाजूच्या घरातून निसटतो, कारण सिल्व्हर आडवा मारत नाही. पण सिल्व्हर मागे तिरका जातो, गोल्ड जात नाही, म्हणून हल्ला करून परत यायचं असेल तर सिल्व्हर मुद्दाम उलटवत नाहीत. प्रमोशन ऐच्छिक आहे ते यासाठी (पुढे चालच उरणार नसेल तेव्हा मात्र सक्तीचं).

मला सर्वात आवडतं ते प्रमोट झालेलं प्यादं, तोकिन. चालतं गोल्डसारखं, पण मारलं गेलं तर समोरच्याच्या हातात जातं साधं प्यादंच, कारण पकडलेली सोंगटी मूळ रूपात परत येते. म्हणजे मी तोकिन त्याच्या गोल्डवर घातला आणि बदल्यात तो गेला, तर मला गोल्ड आणि त्याला एक प्यादं. शिवाय तोकिन निफूत मोजत नाहीत, त्यामुळे त्याच ओळीत मागे नवं प्यादं ठेवता येतं आणि तेही पुढे सरकायला लागतं. हल्ली समोरच्याने माझ्या तिसऱ्या रांगेच्या तोंडाशी प्यादं आणलं की मी आधी तेच बघतो, हत्तीचं नंतर.