आरडीचा हप्ता 28 तारखेला? सांगलीतला माझा अनुभव

शाळेची फी भरायला एसआयपी मोडायची नाही, एवढंच मला हवं होतं. बहुतेक इक्विटी फंडांत वर्षाच्या आत युनिट विकले तर 1 टक्का एक्झिट लोड कापतात आणि नफ्यावर 20 टक्के कर लागतो. शिवाय एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात.

हिशोब सोपा होता. फी 42,000, आरोग्य विमा 27,000, गणपती-दिवाळी 24,000, गाडीचा विमा आणि घरपट्टी 15,000. एकूण 1,08,000, म्हणजे महिन्याला 9,000. फीची तारीख ठरलेली, म्हणून तिच्यासाठी 3,500 ची बारा महिन्यांची आरडी. बाकीचं वेगळ्या बचत खात्यात, कारण त्यांच्या तारखा वर्षभर विखुरलेल्या. त्या खात्याचं एटीएम कार्ड मी घेतलंच नाही.

अडलं ते विश्रामबागेतल्या बँकेत. माझा पगार 7-8 तारखेपर्यंत येतो, म्हणून 10 मे रोजीच फॉर्म दिला. आरडी ज्या तारखेला उघडते तीच हप्त्याची तारीख ठरते, आणि जूनच्या फीआधी मेमध्येच पैसे हातात यायला हवे होते. काउंटरवरच्या साहेबांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि पाच वर्षांच्या विमा योजनेचं माहितीपत्रक पुढे केलं. "मॅडम, आरडीत काय मिळतं?" मला मिळवायचं नव्हतं, फी वेळेवर भरायची होती. हे त्यांना परत परत सांगावं लागलं. फॉर्म तसाच पडून राहिला आणि खातं उघडलं 28 तारखेला. पगारातून घराचा हप्ता, किराणा, दूध गेल्यावर 28 ला खात्यात काय उरणार? हप्ता चुकला की दंड. तारीख बदलून मागितली तर "सिस्टीममध्ये होत नाही." हे खरंच आहे, बदलत नाही, पण उशीर त्यांचा, आणि भुर्दंड मी का सोसायचा? लेखी तक्रार दिल्यावर कुठे ती आरडी बंद करून पैसे परत मिळाले. मग 10 जूनला नवी आरडी मी घरूनच बँकेच्या ॲपवर उघडली, मुदत अकरा महिने, हप्ता 3,820. दोन मिनिटांत झाली. मुदतीचे पर्याय बँकेगणिक वेगळे असतात, ते आधी बघा. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, या कामाला ती चालत नाही.

आणखी एक, पहिल्या वर्षी बाराने भागू नका. आमचा आरोग्य विमा फेब्रुवारीत, सुरुवात जूनमध्ये, म्हणून 27,000 ला आठने भागलं: महिन्याला 3,375. पुढच्या वर्षापासून 2,250 पुरतात. पण वयाचा टप्पा ओलांडला की हप्ता वाढतो, म्हणून मी आता 2,500 टाकते.