धावणं तेवढंच, ताटात मात्र कमी

मिरामार ते दोना पावला धावणारी आमच्या गटातली एक मुलगी कधीची थकलेली. हिमोग्लोबिन, थायरॉईड ठीक, वजनही स्थिर, म्हणून जेवण पुरतंय असा तिचा समज. आज आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर हिशेबच मांडला.

वजन 52 किलो, चरबी वगळता 40. दिवसभराचं खाणं जेमतेम 1500 कॅलरी, त्यातल्या साधारण 520 दहा किलोमीटर धावण्यात गेल्या. शरीराच्या बाकी कामांना उरलेल्या 980 ला त्या 40 ने भागलं तर किलोमागे साडेचोवीस. हव्यात 45 च्या आसपास. 30 च्या खाली बहुतेकींचं शरीर काटकसर सुरू करतं. (रेघ प्रत्येकीची थोडी वेगळी.) खर्चच आटतो, म्हणून वजनकाटा हलत नाही.

"पाळी?" बाईंनी विचारलं. तीन महिने नाही. "कटकट गेली म्हटलं," ती म्हणाली. खरी खूण तीच होती. इस्ट्रोजेन घटलं की हाडंही ठिसूळ होतात. पाळीच्या गोळ्यांनी रक्तस्राव होईल, तूट भरणार नाही.

आता आधी गरोदरपणाची चाचणी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ. धावणं काही आठवडे कमी. निघण्यापूर्वी केळं, परतल्यावर लगेच उंडो नि दोन अंडी, आणि रात्री सूपऐवजी शीत-कडी, नुस्त्यासकट.