आमची वाटचाल : गल्ल्यात पडून राहिलेला डीडी

२००६ साली दोन वेल्डिंग मशिन आणि एक कटर घेऊन आम्ही फॅब्रिकेशनचं काम सुरू केलं. आधी ग्रिल, मग गेट आणि पुढे शाळांचे बाक. बाकांनी धंदा सावरला. शाळा पैसे उशिरा देतात, पण बुडवत नाहीत, आणि त्या काळी बहुतेक पैसे चेकने किंवा डीडीने यायचे. हिशेब वडील बघायचे. चेक आला की गल्ल्याखालच्या डब्यात ठेवायचा आणि चार-पाच साठले की एकदम बँकेत भरायचे, अशी त्यांची पद्धत होती. "सहा महिने चालतो, कुठे पळून जातोय?" असं ते म्हणायचे.

ते चुकीचं बोलत नव्हते. पूर्वी चेक आणि डीडी सहा महिने चालायचे. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून ही मुदत तीन महिन्यांवर आणली. नियम बदलला, पण वडिलांचा डबा होता तिथेच राहिला.

नोव्हेंबर २०१२ मध्ये एका शाळेला आम्ही बत्तीस बाक दिले. त्यापोटी ६७,२०० रुपयांचा डीडी आला. दिवाळीच्या गडबडीत तो डिलिव्हरी चलनाच्या पुस्तकात गेला आणि मार्चमध्ये, वर्षअखेरीचा हिशेब जुळवताना सापडला. डीडीवर 'तीन महिने वैध' असं छापलेलं होतं. आम्ही ते तोपर्यंत वाचलंच नव्हतं. मुदत डीडीवरच्या तारखेपासून धरतात, तो आपल्या हातात कधी पडला यावरून नाही. त्यामुळे फेब्रुवारीतच तो मुदतबाह्य झाला होता.

मी तो थेट आमच्या बँकेत घेऊन गेलो. खिडकीवरच्या बाईंनी तारीख बघून तो परत दिला. "भरून ठेवू का? बघू काय होतं ते," असं मी म्हणालो. "परत येईल आणि परतीचं शुल्क तुमच्याच खात्यातून जाईल. हा डीडी आमचा नाही. ज्या शाखेने काढलाय तिथे जा. पण तुम्ही एकटे जाऊन उपयोग नाही, ज्यांनी काढला त्यांचं पत्र लागेल."

पैसे आमचे, डीडीवर नाव आमचं, आणि पत्र दुसऱ्याचं का, हे मला तेव्हा कळेना. नंतर समजलं ते असं. चेक लिहिला तरी पैसे लिहिणाऱ्याच्या खात्यातच राहतात. डीडीचं तसं नसतं. तो काढतानाच पैसे डीडी विकत घेणाऱ्याच्या खात्यातून निघून बँकेकडे जमा होतात आणि डीडी वटेपर्यंत तिथेच बाकी दिसत राहतात. डीडी शिळा झाला म्हणून ते बुडत नाहीत. पण बँकेचा व्यवहार झालेला असतो तो डीडी विकत घेणाऱ्याशी, म्हणून मुदत वाढवायची, नवा काढायचा की रद्द करून पैसे परत घ्यायचे, हे बँक सहसा त्याच्याच अर्जावर करते.

मग शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी लगेच लेटरहेडवर पत्र दिलं. डीडीचा क्रमांक, तारीख, रक्कम, आमच्या फर्मचं नाव, वेळेत न भरल्याचं कारण आणि मुदत वाढवून द्यावी ही विनंती, असं सगळं त्यात होतं. खाली सही आणि शिक्का. पत्र आणि मूळ डीडी घेऊन मी डीडी काढणाऱ्या शाखेत गेलो.

तिथल्या अधिकाऱ्यांनी रजिस्टर आणि संगणक दोन्ही तपासून सांगितलं, की डीडी न वटलेला आहे, पैसे जागेवर आहेत, पण तो शाळेने काढलेलाच नाही.

झालं होतं असं, की बाक शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने देणगी म्हणून दिले होते. डीडी त्यांनी स्वतःच्या खात्यातून, आमच्या नावाने काढला आणि शाळेच्या हाती दिला. तेव्हा डीडीवर तो घेणाऱ्याचं नाव छापत नसत. त्यामुळे कागदाकडे बघून मला, शाळेला किंवा आमच्या बँकेला ते कळायला मार्गच नव्हता. (१५ सप्टेंबर २०१८ पासून डीडी घेणाऱ्याचं नाव पुढच्या बाजूला छापावं लागतं. तेव्हा हा नियम असता तर माझी एक फेरी वाचली असती.)

ते गृहस्थ दुसऱ्या शहरात राहायला गेले होते. शाळेने फोन लावून दिला. मला संकोच वाटत होता, कारण चूक आमची आणि धावपळ त्यांना. "अहो, बाक तर पोचले ना? मग झालं," एवढंच ते म्हणाले. त्यांनी अर्ज लिहून पोस्टाने पाठवला. बँकेत जशी सही आहे अगदी तशीच करा, असं मी त्यांना दोनदा सांगितलं होतं, कारण अर्जावरची सही नमुन्याशी जुळली नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी डीडीच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली, मूळ डीडी अर्जासोबत दिला आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेच्या शिक्क्यासह पोच घेतली. मूळ डीडी हातातून सोडला की आपल्याकडे फक्त ती पोचच उरते, म्हणून तेवढ्यासाठी मी काउंटरवर वीस मिनिटं उभा राहिलो.

शाखेने त्याच डीडीवर नवी तारीख घालून, सह्या-शिक्के करून द्यायच्या ऐवजी जुना रद्द केला आणि नवा काढून दिला. वाढवलेल्या तारखेचा शिक्का पाहून क्लिअरिंगमध्ये उगाच प्रश्न निघतात, त्यापेक्षा नवा बरा, असं अधिकारी म्हणाले. मला दोन्ही चालणार होतं. फक्त नव्या डीडीचा क्रमांक वेगळा असतो, आणि आमच्या पावतीवर जुना क्रमांक होता. म्हणून शाळेला दुरुस्त पावती दिली. नाही तर त्यांच्या ऑडिटमध्ये पावती एका क्रमांकाची आणि पैसे दुसऱ्याच क्रमांकाने, असं दिसलं असतं. शुल्क आम्ही भरलं. नवा डीडी त्याच दुपारी आमच्या खात्यात भरला.

चेकचं प्रकरण याहून सोपं असतं, पण त्यात बँकेकडे जाऊन काही होत नाही. शिळ्या चेकची तारीख फक्त लिहिणाराच बदलू शकतो, तीही पूर्ण सही करून. रिझर्व्ह बँकेच्या नियमात चेकवर इतर कुठलीही खाडाखोड चालत नाही, तारखेपुरती सूट आहे. तरी मी नवाच चेक मागतो. तो देताना गिऱ्हाईक जुना परत मागतं, आणि ते बरोबरच आहे. आम्ही स्वतः पुरवठादाराला चेक बदलून देतो तेव्हाही जुना हातात आल्याशिवाय नवा लिहीत नाही. चेक शिळा झाला म्हणून देणं संपत नाही. पण शिळा म्हणून परत आलेल्या चेकवर न वटल्याचा, म्हणजे कलम १३८ चा दावा उभा राहत नाही, कारण तो मुदतीतच बँकेत जावा लागतो. देणारा टाळाटाळ करणारा असेल तर ही तारीख हुकणं महागात पडतं.

आता निविदांसाठी अनामत म्हणून आम्हीच डीडी काढतो. निविदा मिळाली नाही तर तो कधी कधी पाच-सहा महिन्यांनी, शिळा होऊनच परत येतो. त्याची मुदत वाढवत बसायचं कारण नाही. घेणारे आम्हीच, म्हणून रद्द करून पैसे खात्यात घेतो. त्या कार्यालयाकडून डीडी परत घेताना 'वापरला नाही, परत केला' असं शिक्क्यासह पत्र मात्र मागून घेतो, कारण शाखेने ते मागितलं तर पुन्हा तिथे खेटे घालावे लागतात.

वडिलांचा डबा अजून आहे. त्यात आता ड्रिलची पाती असतात.