मुलाचे वडील ओपीडीत आले तेव्हा

दुपारच्या ओपीडीतला शेवटचा केसपेपर साठीच्या एका गृहस्थांचा होता. तक्रारीच्या जागी रिसेप्शनवरच्या मुलीने ‘झोप लागत नाही’ असं लिहिलेलं. आत आल्यावर त्यांनी झोपेचं नावही काढलं नाही. तासगावकडच्या एका मुलीचं नाव घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, ही तुमच्याकडे येते का? आमच्या मुलाचं तिच्याशी जमत आलंय. साखरपुडा पंधरा दिवसांवर आहे. आमच्या एका पाहुण्यांनी तिला तुमचा जिना उतरताना बघितलं.”

ती माझीच पेशंट होती. (ओळख पटू नये म्हणून तिचे आणि त्यांचे काही तपशील इथे बदलले आहेत.) सांगलीसारख्या गावात मानसोपचारतज्ज्ञाचा जिना ही काही खासगी जागा नाही. निम्मे सांगलीकर पेशंट कोल्हापूरला जात असतील आणि तिकडचे माझ्याकडे येतात, ते त्यामुळेच.

मी म्हणाले, “काका, माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही. उद्या तुमच्याबद्दल कुणी विचारलं, तर त्यालाही हेच उत्तर मिळेल.” मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार पेशंटची माहिती गुप्त ठेवणं माझ्यावर बंधनकारक आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा आदेश असेल, अशा मोजक्या वेळीच ती देता येते. ठरलेलं लग्न त्यात बसत नाही.

ते हसले. “म्हणजे येते. येत नसती तर तुम्ही सरळ नाही म्हणाला असता.”

या धंद्यातली खरी अडचण हीच. ‘नाही’ म्हणायची सोय मी ठेवलेलीच नाही, कारण एकदा खरं ‘नाही’ सांगितलं की पुढच्या वेळचं मौन आपोआप ‘हो’ ठरतं. हे त्यांना समजावलं. पटलं की नाही, कोण जाणे.

त्यात आणखी एक पेच होता. केसपेपर काढल्यामुळे तेही कागदोपत्री माझे पेशंट झाले होते. मग ते येऊन गेले, हे तिला सांगायचीही मला मुभा नव्हती. म्हणून स्पष्टच विचारलं, “तुम्हाला झोपेसाठी औषध हवंय का? हवं असेल तर तेवढंच बोलू. नसेल तर फी परत घ्या. पण मग माझ्या ओळखीतल्या कुणाबद्दल ही चौकशी असेल, तर त्या व्यक्तीला मी ती कळवीन.” थोडा वेळ विचार करून त्यांनी फी परत घेतली. जाताना म्हणाले, “कळवा. आम्हाला लपवाछपवी नको, एवढंच.”

संध्याकाळी तिला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन आली.

ती पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसते. पहिला झटका तिथेच आला होता: छातीत धडधड, हाताला मुंग्या, आता आपण मरणार अशी खात्री. काही मिनिटांत कळस गाठून तो ओसरला, पण तोवर तिला रिक्षात घालून कॅज्युअल्टीत नेलं होतं. ईसीजी, टू-डी इको, थायरॉईड, सगळं नॉर्मल. असे झटके पुन्हा पुन्हा आले आणि पुढचा कधी येईल या धास्तीने ती एसटीत चढेना, तेव्हा कुणीतरी माझ्याकडे पाठवलं. निदान पॅनिक डिसऑर्डर. एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून १० वर नेलं आणि जोडीला वर्तनोपचार. आता कित्येक महिने झटका नव्हता, एसटीने येत-जात होती. बरं वाटू लागल्यानंतरही गोळी वर्षभर तरी चालू ठेवायची असते, ते वर्ष अजून पुरं व्हायचं होतं.

आईचा बेत तयार होता. “साखरपुड्यापासून गोळ्या बंद करू. मग सांगायला काही उरतच नाही.”

बहुतेक घरांत हेच ठरतं, आणि मोडतं ते इथेच. एकदम बंद केलेली गोळी दोन-चार दिवसांत स्वतःची आठवण करून देते. गरगरतं, चिडचिड होते, मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं वाटतं. ते निवळलं तरी मूळ आजार परतायची शक्यता वाढलेली असते, आणि परतायला लग्नघरातली जागरणं, उपासतापास आणि नवं घर याहून सोयीचा मुहूर्त कुठला? आणि चोरून घ्यायच्या ठरवल्या, तर रिकामी स्ट्रिप कधीतरी सासूच्या हाती लागते. दोन्ही वाटा पाहून झालेल्या मुली माझ्याकडे येत असतात. लपवलेलं नंतर उघडं पडलं, की भांडण आजाराचं राहत नाही, ‘फसवलंत’ याचं होतं.

आईने कायद्याचं विचारलं. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराची जी अट आहे, ती लग्नाला अपात्र ठरावं इतक्या गंभीर आजारासाठी आहे, पॅनिक डिसऑर्डर त्याच्या जवळपासही जात नाही. पण कलम १२ मध्ये महत्त्वाची बाब लपवून संमती घेतली म्हणून लग्न रद्द करून मागता येतं. असा अर्ज टिकेलच असं नाही, पण वकिलाच्या हातात स्ट्रिपचा फोटो कशाला द्यायचा?

माझं मत मी सांगितलं, निर्णय तिचा. मुलाला सांगावं, त्याला एकट्याला, साखरपुड्याआधी. कांदेपोह्यांच्या बैठकीत चार वडीलधाऱ्यांसमोर नाही आणि फाईल दाखवून तर मुळीच नाही. पतसंस्थेतल्या सहकाऱ्यांना सांगायची मला काहीच गरज दिसली नाही. तिचं काम नीट चालू होतं आणि त्या माहितीचं त्यांनी करायचं तरी काय? नवऱ्याचं तसं नाही, तो रोज तिला गोळी घेताना बघणार.

मग आम्ही वाक्यं जुळवली. ‘मला डिप्रेशन-बिप्रेशन झालं होतं’ हे तिचं पहिलं वाक्य. ते चुकीचंही होतं आणि ऐकणाऱ्याला घाबरवणारंही. शेवटी ठरलं ते असं: “मला मध्यंतरी अचानक घाबरल्याचे झटके यायचे. हृदय तपासलं, ते ठीक आहे. याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. रोज एक गोळी चालू आहे, बरेच महिने झटका आलेला नाही. पुन्हा येऊ शकतो. तुला डॉक्टरांशी बोलायचं असेल तर मी सोबत येईन.” ‘पुन्हा येऊ शकतो’ हे आईला गाळायचं होतं. मुलगी म्हणाली, तेच राहू दे.

तिने रविवारी सांगितलं. वडिलांची चौकशी त्याला माहीतच नव्हती आणि तिच्या बोलण्यापेक्षा त्याचाच त्याला जास्त धक्का बसला. पुढच्या आठवड्यात दोघं आले. तिने लेखी संमती दिली आणि तिच्यासमोरच मी बोलले. त्याचा पहिला प्रश्न, झटका आला तर मी काय करू? जवळ बसायचं, श्वास सावकाश सोडायला सांगायचं, प्रत्येक वेळी दवाखान्यात पळवायचं नाही. दुसरा, मुलांना होईल का? कल येऊ शकतो, आजार येईलच असं नाही. तिसरा त्याने विचारला नाही, मीच काढला. या गोळीने काहींची कामेच्छा कमी होते किंवा समाधान मिळायला वेळ लागतो. नव्या जोडप्याला कारण माहीत नसेल तर ते एकमेकांवर संशय घेतात. दोघंही जमिनीकडे बघत होते, पण ऐकत होते.

साखरपुडा महिनाभर लांबला, वडिलांमुळे. मग झाला. सासूबाईंना मात्र अजून सांगितलेलं नाही. त्याचं म्हणणं, आईने विचारलं की मी बघून घेईन. तिला ते पटत नाही, तिला स्वतःच सांगायचंय आणि तेही लग्नाआधी. गेल्या भेटीत माझ्यासमोरच यावरून दोघांचं वाजलं. मी मध्ये पडले नाही. गोळी कमी करायला लग्नानंतर सहा महिन्यांनी सुरुवात करायची आणि त्याआधी दिवस राहिले तर गोळी आपल्या मनाने न थांबवता आधी मला भेटायचं, एवढं केसपेपरवर लिहून दिलं.