आठ हजारांचे वीस हजार दिसले, हातात पाच आले

निपाणीत आमच्या चहाच्या कट्ट्यावर मावसभावाने मोबाईल पुढे धरला. "बघ की, चार दिवसांत अडीच पट!" एका कुत्र्याच्या नावाचं मीमकॉइन, म्हणजे गमतीवर चालणारं क्रिप्टो नाणं. मीही आठ हजार घातले. क्रिप्टो एक्स्चेंजवर सोलाना हे क्रिप्टो चलन घेतलं, ते मोबाईलमधल्या वॉलेटमध्ये पाठवलं आणि तिथून नाणं घेतलं. आठवड्याने स्क्रीनवर वीस हजार दिसले.

मीमकॉइनमागे कंपनी नसते, उत्पन्न नसतं. लोकांचं लक्ष हाच त्याचा माल. डोजकॉइन २०१३ साली गंमत म्हणूनच निघालं. ८ मे २०२१ ला इलॉन मस्क टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात येणार म्हणून ते आधी चढत गेलं आणि कार्यक्रम चालू असतानाच कोसळलं. खरेदी करणारे आधीच घेऊन बसले होते, नवे कुणी उरले नव्हते.

आमच्या नाण्याचं गणित मला उशिरा कळलं. अशी नाणी एका सामायिक साठ्यातून विकली जातात. त्यात एका बाजूला नाणी, दुसऱ्या बाजूला पैसे, आणि दोन्हींचा गुणाकार कायम राहतो. सोप्या आकड्यांत सांगतो. साठ्यात १० लाख रुपये आणि १० कोटी नाणी असतील, तर भाव एक पैसा. एकूण नाणी १०० कोटी, म्हणून सगळ्या नाण्यांची मिळून किंमत, म्हणजे मार्केट कॅप, एक कोटी दिसतं. पण बाहेर काढता येणारी रक्कम फार तर दहा लाख! भाव अडीच पट व्हायलाही साठ्यात सुमारे पाच लाख ऐंशी हजार नवे यावे लागतात. एखादी रील चालली की तेवढे येतात.

आता एखाद्याने आपली १० कोटी नाणी विकली, तर साठ्यात २० कोटी नाणी होतात आणि पैसे पाच लाख उरतात. त्याला पाच लाख मिळतात, भाव मात्र पाव पैशावर येतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं. त्या रात्री माझे वीस हजार पाच हजारांवर आले. मी तेवढ्यात विकून मोकळा झालो.

नंतर सोलानावरचे व्यवहार दाखवणाऱ्या सोलस्कॅन या साइटवर `Holders` ही नाणी कुणाकडे किती आहेत ती यादी उघडली. पहिली ओळ बहुधा साठ्याचीच असते, तिला घाबरायचं नाही. खालच्या ओळी बघायच्या. तिथली अनेक वॉलेट्स नाणं निघाल्यानंतर काही सेकंदांतच खरेदी करून बसली होती, आणि त्यांना सोलाना पुरवणारं वॉलेट एकच होतं. वेगवेगळे लोक वाटत होते, पण मालक बहुधा एकच. प्रचार करणाऱ्यांना अनेकदा नाणी फुकट मिळतात, आणि प्रत्येक व्यवहाराची फी प्लॅटफॉर्मला जाते, भाव चढो की पडो. मावसभावाला ही यादी दाखवली तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. त्याचे पंचवीस हजार गेले होते, आणि बायकोला अजून सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी बिटकॉइनमध्ये मला थोडा फायदा झाला होता. त्यातून हे तीन हजार वजा होतील असं वाटलं. सीए म्हणाले, क्रिप्टोचा तोटा वजा करता येत नाही. फायद्यावर ३० टक्के कर पूर्ण भरला.