नकार सोडवण्याची वही: ‘शिवाय… नाही’ आणि एक चार नकारांची नोटीस

नकारांनी गुंतलेली वाक्यं अर्थ न बदलता सरळ, जमेल तिथे होकारार्थी करून मी या वहीत उतरवतो. गेले काही दिवस वहीत सोसायटीच्या नोटिसाच येताहेत. बँकांचे अर्ज आणि विम्याची कागदपत्रं तूर्त बाजूला ठेवली आहेत, कारण नोटीस चार ओळींची असते आणि नकारांचा गुंता मात्र चार पानांचा असतो.

सगळ्यात जास्त वेळा येणारी घडण म्हणजे ‘थकबाकी भरल्याशिवाय ना हरकत दाखला दिला जाणार नाही’. हात लगेच शिवशिवतात आणि आपण लिहितो, ‘थकबाकी भरल्यावर ना हरकत दाखला मिळेल’. वाचायला छान, पण अर्थ सरकला. मूळ वाक्य एकच शक्यता बाद करतं: थकबाकी आहे आणि तरी दाखला मिळाला. पैसे भरूनही दाखला अडला, उदाहरणार्थ नामांकनाचा अर्ज अपुरा होता म्हणून, तर मूळ वाक्य खोटं ठरत नाही. नवं वाक्य ठरतं, आणि ते दाखवून सभासद समितीशी भांडू शकतो.

म्हणून आता वाक्य उलगडण्याआधी मी चार खाने आखतो: भरली–मिळाला, भरली–नाही मिळाला, नाही भरली–मिळाला, नाही भरली–नाही मिळाला. मूळ वाक्य ज्या खान्यावर काट मारतं, त्याच खान्यावर नव्या वाक्यानेही मारली पाहिजे, दुसऱ्या कुठल्याही नाही. या चाळणीतून ‘दाखल्यासाठी आधी थकबाकी भरणे आवश्यक आहे’ सुटतं. ‘थकबाकी भरलेल्यांनाच दाखला मिळू शकेल’ हेही सुटतं. इथे सगळं काम ‘च’ करतो. तो पुढे क्रियापदावर सरकवून ‘भरलेल्यांना दाखला मिळेलच’ केलं की अट जाऊन हमी येते. ‘मिळेल’ऐवजी ‘मिळू शकेल’ मुद्दाम ठेवलं आहे. नुसत्या ‘भरलेल्यांनाच मिळेल’मध्ये वाचणाऱ्याला हमीचा वास येतोच.

आता ज्या वाक्यासाठी ही नोंद लिहायला बसलो ते. घरातल्या दुरुस्तीबद्दलच्या एका नोटिशीत होतं: ‘संरचना अभियंत्याचा अहवाल न जोडलेल्या अर्जास परवानगी नाकारली जाणार नाही असे सभासदांनी समजू नये.’

नकार मोजले तर चार: न जोडलेल्या, नाकारली, नाही, नये. चार म्हणजे सम, दोन-दोन कापले की उरलं ‘अहवाल जोडलेल्या अर्जास परवानगी मिळेल’. हे साफ चूक आहे. कापाकापी चालते ती एकाच गोष्टीवर एकावर एक रचलेल्या नकारांची. इथला पहिला ‘न’ अर्जाला चिकटलेला आहे. कुठल्या अर्जांबद्दल बोलतोय एवढंच तो सांगतो. संस्कृत व्याकरणात नामाला लागणाऱ्या अशा नकाराला पर्युदास म्हणतात आणि क्रियेला लागणाऱ्याला प्रसज्यप्रतिषेध. नावं जड आहेत, पण दोन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करायला ही विभागणी फार सोयीची पडते.

उरले तीन. ‘नाकारली जाणार नाही’ म्हणजे मिळेल. त्यावर ‘असे समजू नये’. इथेही घाई नको: ‘मिळेल असे समजू नका’ म्हणजे ‘मिळणार नाही’ नव्हे. नकार परवानगीवर नाही, तुमच्या खात्रीवर आहे. हे वाक्य एकाही खान्यावर काट मारत नाही, फक्त एक भरवसा काढून घेतं. म्हणून वहीत उतरलं ते असं: ‘अर्जासोबत संरचना अभियंत्याचा अहवाल नसेल, तर समिती परवानगी नाकारू शकते.’

दोन नकार उरले आहेत आणि ते राहू द्यावेत असं माझं मत आहे, कारण नोटीस बोलते तीच मुळी नाकारण्याच्या अधिकाराबद्दल. सुरुवातीला ‘अहवाल जोडा’ असं लिहायचा मोह होतो, पण मुळात तशी सक्ती कुठेच नाही. समितीला सक्ती हवी असेल, तर तिने ती स्वतः लिहावी.

काही वाक्यं मात्र कागदावर सुटतच नाहीत. ‘सभेला सर्व सभासद हजर नव्हते.’ काही गैरहजर होते की कुणीच आलं नव्हतं? बोलताना ‘सर्व’वर जोर दिला की कळतं, छापल्यावर तो जोर जातो. होकारार्थी करायचं तर ‘काही सभासद गैरहजर होते’ किंवा ‘सर्व सभासद गैरहजर होते’ यांतलं एक निवडावं लागतं, आणि ती निवड हजेरीपटावरून करायची, व्याकरणावरून नाही. पट हाती नसेल तेव्हा मी वाक्य तसंच ठेवून समासात प्रश्नचिन्ह टाकतो.

‘प्रस्ताव अयोग्य नाही’ छापाची वाक्यंही मी हल्ली हात न लावता ठेवतो. ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ यांच्यामध्ये बरीच जागा असते, आणि लिहिणारा बहुतेकदा तिथेच उभा असतो.

पुढे विम्याच्या कागदाकडे वळणार आहे. तिथे ‘वगळता’च्या पोटात दुसरं ‘वगळता’ असतं, आणि चार खाने त्याला पुरतील असं वाटत नाही. निदान आठ लागतील.